एकशे एक टक्क्यांचा हिशेब

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. २८८ जागांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२, भाजपला ५४, आणि बाकीचे छोटे पक्ष व अपक्ष मिळून ३२. बेरीज करून पाहिली तर २८८ चोख भरतात. आता याच जागांचे टक्के काढू आणि आलेखाच्या फाकांवर लिहिण्यासाठी जवळच्या पूर्णांकात आणू. राष्ट्रवादी २५, काँग्रेस २४, शिवसेना २२, भाजप १९, इतर ११. बेरीज येते १०१.

यात कोणीही चूक केलेली नाही. प्रत्येक आकडा शाळेत शिकवलेल्या नियमानेच पूर्णांकात आणला आहे आणि प्रत्येक आकडा आपल्यापुरता बरोबर आहे. तरीही वाचकाने वर्तमानपत्रात पेन्सिलीने बेरीज केली, तर छापणाऱ्याला हिशेब येत नाही असेच त्याला वाटेल. एका दैनिकात आलेखांचे काम करत असताना अशा वाचकांचे फोन मी घेतले आहेत. ते वाचक चिडलेले असत, पण त्यांचा मुद्दा रास्त असे. शंभराचे तुकडे केले, तर ते जोडल्यावर शंभरच व्हायला हवेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हा जादाचा एक कुठून येतो, किती वेळा येतो, त्याचे काय करावे याबद्दल जाणकार काय म्हणतात, आणि अजून काय सुटलेले नाही, याचा हा आढावा आहे. उदाहरण शक्यतो विधानसभेचेच ठेवतो. त्या आकड्यांचा ताळा कोणालाही घरबसल्या करता येतो.

एक कुठून आला

दोन दशांश स्थळांपर्यंत खरे टक्के असे आहेत: राष्ट्रवादी २४.६५, काँग्रेस २३.९६, शिवसेना २१.५३, भाजप १८.७५, इतर ११.११. पूर्णांकात आणताना राष्ट्रवादीच्या आकड्यात ०.३५ ची भर पडली, काँग्रेसच्या ०.०४ ची, शिवसेनेच्या ०.४७ ची आणि भाजपच्या ०.२५ ची. इतरांच्या आकड्यातून ०.११ गेले. चार जण वर गेले आणि एकच खाली आला. या सगळ्या कमी-जास्तीची बेरीज बरोबर १ होते. तोच आपला जादाचा एक.

ही कमी-जास्त नेहमी पूर्ण संख्येतच येते. लेबलांवरचे आकडे पूर्णांक, म्हणून त्यांची बेरीज पूर्णांक. मूळ बेरीज शंभर, तीही पूर्णांक. त्यामुळे फरक पडलाच तर तो एकाचा किंवा दोनाचा पडतो, अर्ध्याचा कधीच नाही. बहुतेक वेळा वर गेलेले आणि खाली आलेले तुकडे एकमेकांना फेडून टाकतात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. ते फेडले गेले नाहीत की ९९ किंवा १०१ दिसतात. विधानसभेच्याच २०१९ च्या निकालात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ आणि इतर २९ होते. त्यांचे पूर्णांकी टक्के ३६, १९, १९, १५ आणि १० होतात आणि बेरीज ९९ येते. तिथे एक कमी पडला.

किती वेळा असे होते

या प्रश्नाचा नीट अभ्यास १९६७ साली फ्रेडरिक मोस्टेलर, क्लिओ युट्झ आणि डग्लस झान यांनी ‘डेमोग्राफी’ या नियतकालिकात मांडला. पुढे १९७९ मध्ये पर्सी डायकोनिस आणि डेव्हिड फ्रीडमन या संख्याशास्त्रज्ञांनी त्याला पक्का गणिती आधार दिला. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे. दोनच गट असतील तर बेरीज चुकत नाही, याला अपवाद बरोबर अर्ध्यावर पडणाऱ्या आकड्यांचा. तीन गट असतील तर चारपैकी तीन वेळा शंभर भरतात. चार गटांना तीनपैकी दोन वेळा, पाच गटांना शंभरात सुमारे साठ वेळा. दहा गट झाले की शंभर न भरण्याचीच शक्यता अधिक. गट अगदी चिमुकले नाहीत आणि मूळ संख्या पुरेशी मोठी आहे, असे यात गृहीत धरले आहे. पण वर्तमानपत्रात येणाऱ्या बहुतेक आलेखांना हे अंदाज लागू पडतात.

याचा अर्थ पाच फाकांचे आलेख रोज छापणाऱ्या माणसाला पाचातून एकदा १०१ आणि पाचातून एकदा ९९ भेटणार. एखाद्या प्रकाशनातले सगळेच आलेख वर्षानुवर्षे नेमके शंभर भरत असतील, तर आकडे कोणीतरी हाताने जुळवत आहे असे खुशाल समजावे. माझ्या मते या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. आपण १०१ ला अपघात मानतो. गणित सांगते की सततचे १०० संशयास्पद आहे.

जुने भांडण: जागावाटप

पूर्णांकात बसवायचे आणि बेरीजही ठरलेलीच ठेवायची, हा प्रश्न आलेखांपेक्षा फार जुना आहे. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या जागा राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या होत्या आणि अर्धा प्रतिनिधी पाठवता येत नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी सुचवलेली रीत अशी. प्रत्येक राज्याच्या वाट्यातला पूर्ण भाग आधी द्या आणि उरलेल्या जागा ज्यांचा शेष सर्वांत मोठा त्यांना एकेक करून द्या. या रीतीचे विधेयक १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी नाकारले. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाने नकाराधिकार वापरण्याची ती पहिलीच वेळ. पुढे १८५० नंतर हीच रीत कायद्यात आली आणि १८८० च्या जनगणनेनंतर तिच्यातली एक विचित्र गोष्ट उघड झाली. सभागृह २९९ जणांचे केले तर अलाबामा राज्याला ८ जागा मिळत होत्या आणि ३०० जणांचे केले तर ७. एकूण जागा वाढल्या आणि एका राज्याची जागा घटली. हा ‘अलाबामाचा विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध आहे.

या वादाचा गणिती निकाल मिशेल बालिन्स्की आणि पेटन यंग यांनी लावला. त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये आले. प्रत्येकाला त्याच्या खऱ्या वाट्याच्या लगतचाच खालचा किंवा वरचा पूर्णांक मिळावा आणि असले विरोधाभासही घडू नयेत, या दोन्ही अटी पाळणारी एकही रीत असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. आलेखाची लेबले जुळवणाऱ्याला हे माहीत असायला हवे, कारण त्याच्या हातातली अवजारे इथूनच आली आहेत. फरक एवढाच की संसदेला जागा वाटाव्याच लागतात. आलेखाला शंभर भरायलाच हवेत, असा कोणताही कायदा नाही.

पहिली भूमिका: आकडा आहे तसा ठेवावा

सरकारी सांख्यिकी कार्यालये आणि बँका यांची सर्वसाधारण भूमिका ही आहे. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पूर्णांकात आणायचा, एकूण बेरीज मूळ आकड्यांवरून काढायची, आणि दोन्ही जुळली नाहीत तर तसे सांगायचे. रिझर्व्ह बँकेच्या अहवालांतल्या तक्त्यांखाली ‘पूर्णांकनामुळे घटकांची बेरीज एकूण संख्येशी जुळेलच असे नाही’ या आशयाची टीप नेहमी दिसते. न्यूझीलंडचे सांख्यिकी कार्यालय तर आणखी पुढे जाते. माणसांची ओळख उघड होऊ नये म्हणून जनगणनेतले आकडे ते मुद्दाम तीनच्या पटीत, काहीसे यादृच्छिकपणे, खाली-वर करते. गटांचे आकडे आणि बेरजेचा आकडा वेगवेगळे खाली-वर होतात, त्यामुळे तिथे न जुळणे हा रीतीचाच भाग आहे.

या बाजूचा युक्तिवाद असा की लेबलावरचा आकडा हे एक विधान असते. ‘२२ टक्के’ म्हणजे खरी किंमत २१.५ आणि २२.५ यांच्या मध्ये आहे. वाचक हे वचन मनात धरून आकडा उचलतो, दुसऱ्या तक्त्याशी ताडून पाहतो, पुढे कोणाला तरी सांगतो. शेजारच्या गटांची सोय पाहून तो आकडा बदलला, तर वचन मोडते. उलट बेरीज १०१ दिसल्याने कोणतेच वचन मोडत नाही, फक्त डोळ्याला खटकते.

या भूमिकेची कमजोर बाजू टिपेत आहे. ‘जुळेलच असे नाही’ ही टीप सगळ्याच तक्त्यांखाली सरसकट छापली जाते, जुळणाऱ्या तक्त्यांखालीसुद्धा. मग ती कोणी वाचत नाही आणि खरी चूकही तिच्या आडोशाला बसू शकते. ‘टक्के पूर्णांकात आणल्यामुळे इथे दाखवलेल्या आकड्यांची बेरीज १०१ होते’ असे नेमके लिहिले, तर बेरीज करून पाहणाऱ्याला त्याचे उत्तर जागेवर मिळते. छापणाऱ्याने स्वतः बेरीज केली होती, हेही त्यातून कळते.

दुसरी भूमिका: शंभर जुळवून द्यावे

वर्तमानपत्रे, कंपन्यांची सादरीकरणे, संगणकावरचे माहितीफलक यांत काम करणारे पुष्कळ जण उलट बाजूचे आहेत. त्यांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. सामान्य वाचक टीप वाचत नाही. त्याला १०१ दिसले की त्याचा उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास जातो, आणि अर्ध्या टक्क्याच्या काटेकोरपणासाठी एवढी किंमत मोजणे त्यांना पटत नाही. शिवाय वर्तुळालेखाची आकृतीच ‘हे पूर्ण आहे’ असे सांगत असते, तेव्हा आकड्यांनी वेगळे सांगू नये.

पण एक कमी करायचा तर कोणाचा करायचा? इथे प्रचारातल्या तीन रीती २००४ च्या निकालावर लावून पाहू.

पहिली रीत, एक सर्वांत मोठ्या गटातून काढायचा. मोठ्या आकड्यात एकाने काय बिघडते, हा त्यामागचा विचार. मग राष्ट्रवादीचे २५ चे २४ होतात आणि काँग्रेसही २४ वर असते. ७१ आणि ६९ मधला फरक नाहीसा झाला. त्या निकालाची मुख्य बातमीच ही होती की आघाडीत राष्ट्रवादीच्या जागा काँग्रेसपेक्षा दोन जास्त आल्या आणि तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसचे विलासराव देशमुख यांच्याकडे गेले. एक टक्का जुळवण्याच्या नादात आलेखाने नेमकी तीच गोष्ट पुसली असती.

दुसरी रीत, जमा-खर्चाचा फरक ‘इतर’ मध्ये टाकायचा. ‘इतर’ ची बाजू घेणारे कोणी नसते, म्हणून ही फार लोकप्रिय आहे. पण ‘इतर’ चे खरे टक्के ११.११ आहेत आणि ते तर आधीच खाली येऊन ११ झाले होते. आता त्यांचे १० केले की चूक १.११ ची झाली, म्हणजे तक्त्यातल्या कोणत्याही चुकीच्या दुपटीहून जास्त. चार मोठ्या पक्षांनी वर उचललेले अपूर्णांक अपक्षांच्या खिशातून फेडले गेले.

तिसरी रीत हॅमिल्टन यांची, सर्वांत मोठ्या शेषाची. तिन्हींत ही सर्वांत नीट आहे. आधी सगळ्यांचे अपूर्णांक सोडून द्यायचे: २४, २३, २१, १८, ११. बेरीज ९७. उरलेले तीन टक्के मोठ्या शेषांना द्यायचे. काँग्रेसचा शेष ०.९६, भाजपचा ०.७५, राष्ट्रवादीचा ०.६५. तीन संपले. शिवसेनेचा ०.५३ रांगेत चौथा, म्हणून तिला काही नाही. उत्तर येते २५, २४, २१, १९, ११ आणि बेरीज शंभर. क्रम बिघडत नाही, कोणाचीही चूक एक टक्क्यापर्यंत जात नाही, आणि नियम आधीच ठरलेला असल्याने कोणाची बाजू घेतल्याचा आरोपही होत नाही.

तरीही किंमत मोजावी लागतेच. २१.५३ चे २१ छापले गेले. आणि याहून अवघड गोष्ट पुढे येते. २००९ च्या निवडणुकीत काँग्रेसला ८२, राष्ट्रवादीला ६२, भाजपला ४६ आणि बाकी सर्वांना मिळून ९८ जागा होत्या. टक्के २८, २२, १६ आणि ३४, बेरीज चोख शंभर, जुळवण्याची गरजच नाही. म्हणजे २००९ मध्ये २८८ पैकी ६२ जागांना २२ टक्के, आणि २००४ मध्ये २८८ पैकी ६२ जागांना २१ टक्के. दोन आलेख शेजारी ठेवले तर एकाच संख्येला दोन वेगवेगळी लेबले. शेजारी कोण बसले आहे त्यावर आपला आकडा ठरतो, हा जुळवण्याच्या प्रत्येक रीतीचा अंगभूत दोष आहे आणि तो रीत सुधारून जात नाही.

समान वाटे असतील तर प्रश्न आणखी उघडा पडतो. तीन भावांत शेत सारखे वाटले, तर प्रत्येकाला ३३ टक्के आणि बेरीज ९९. शंभर भरायचे तर एका भावाच्या नावापुढे ३४ लिहावे लागते, आणि तो कोणता भाऊ हे सांगणारा कोणताही शेष इथे नाही.

तिसरी भूमिका: प्रश्नच उद्भवू देऊ नये

काहींना हा वादच अनावश्यक वाटतो. त्यांचा एक उपाय म्हणजे एक दशांश स्थळ वाढवणे. तो आपल्या उदाहरणावर करून पाहा: २४.७, २४.०, २१.५, १८.८, ११.१. बेरीज १००.१. रोग तोच, फक्त एका स्थळाने उजवीकडे सरकला. दोन स्थळे घेतली तर या वेळी १००.०० भरतात, पण ते नशीब आहे. शिवाय हजार माणसांच्या पाहणीत नमुन्यामुळेच तीनेक टक्क्यांची चूक पोटात असते. तिथे दोन दशांश स्थळे छापणे म्हणजे नसलेला नेमकेपणा मिरवणे.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. मूळ संख्या छोटी आणि ओळखीची असेल, तर टक्के काढूच नयेत. २८८ जागांच्या विधानसभेत ७१, ६९, ६२, ५४, ३२ हे आकडे वाचकाला टक्क्यांपेक्षा जास्त सांगतात. बहुमताचा आकडा १४५ त्याला पाठ असतो आणि बेरीज कधीच चुकत नाही. वर्गातली मुले, ग्रामपंचायतीचे सदस्य, रुग्णालयातल्या खाटा यांनाही हेच लागू. पण हा उपाय लाखांच्या संख्यांना चालत नाही, आणि दोन वेगवेगळ्या आकारांच्या समूहांची तुलना करायची असेल तर टक्क्यांना पर्याय नसतो.

तिसरा उपाय गट एकत्र करण्याचा. २००४ मध्ये आघाडीला १४० म्हणजे ४८.६१, युतीला ११६ म्हणजे ४०.२८, इतरांना ११.११. पूर्णांकात ४९, ४०, ११, बेरीज शंभर. पण शिवसेनेचे २२ आणि भाजपचे १९ अशी लेबलांचीच बेरीज कोणी केली, तर युतीला ४१ येतात. बातमीच्या मजकुरात आणि आलेखात दिसणाऱ्या तफावतींचे एक मोठे कारण हेच आहे. लिहिणारा लेबले जोडतो आणि आलेख करणारा जागा जोडतो. वर्षांमधला फरक काढतानाही तसेच होते. काँग्रेसची २४ वरून २८ म्हणजे चाराची वाढ दिसते. प्रत्यक्षात १३ जागांची वाढ ४.५१ टक्क्यांची, म्हणजे पूर्णांकात पाचाची आहे. बेरीज असो वा वजाबाकी, ती मूळ संख्यांवर करायची आणि पूर्णांकन शेवटी, एकदाच.

शंभर भरले म्हणून बरोबर?

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून निसटते. २०१९ चा ९९ चा तक्ता पुन्हा घेऊ. भाजपचे १०५ म्हणजे ३६.४५८ टक्के. कोणी आधी एका स्थळापर्यंत आणून ३६.५ लिहिले आणि दुसऱ्याने त्या कागदावरून पूर्णांक केला, तर ३७ होतात. बाकीचे १९, १९, १५, १० तसेच राहतात आणि बेरीज शंभर येते! दोनदा पूर्णांकन करण्याची ही सरळ चूक आहे, पण तिने ताळा जुळवून दिला. योगायोगाने मोठ्या शेषाच्या रीतीचे उत्तरही हेच आहे, म्हणून नुसता तक्ता पाहून ही विचारपूर्वक केलेली जुळणी आहे की हलगर्जी, हे कोणालाही ओळखता येणार नाही. भारतीय मानकांत पूर्णांकनाच्या नियमांचे आयएस २ हे स्वतंत्र मानक आहे आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत नेमक्या आकड्यावरून एकाच पायरीत पूर्णांकन करावे असे ते सांगते.

त्याच मानकात बरोबर अर्ध्यावरच्या आकड्याचाही नियम आहे. शाळेत अर्धा नेहमी वर नेतात. मानक जवळच्या सम अंकाकडे न्यायला सांगते, म्हणजे १२.५ चे १२ आणि ३७.५ चे ३८. आठ जणांची एक, एक, तीन, तीन अशी विभागणी झाली, तर शाळेच्या नियमाने १३, १३, ३८, ३८ होऊन बेरीज थेट १०२ जाते. मानकाच्या नियमाने १२, १२, ३८, ३८ म्हणजे शंभर. संगणकही या बाबतीत एकमताचे नाहीत. एक्सेलमध्ये `=ROUND(12.5,0)` लिहिले तर 13 येते, पायथॉनमध्ये `round(12.5)` लिहिले तर 12. एकच तक्ता दोन विभागांत दोन प्रोग्रामांनी केला, तर लेबले वेगळी निघू शकतात. सम अंकाचा नियम बेरजेला मदत करतो, पण तोही निर्दोष नाही. २०० मतांत १०१ विरुद्ध ९९ असा निकाल लागला तर ५०.५ आणि ४९.५ दोन्हीचे ५० होतात आणि जिंकलेला उमेदवार दिसेनासा होतो. शाळेचा नियम ५१ आणि ५० लिहितो. बेरीज १०१, पण निकाल खरा.

लेबलावरचा आकडा खरा मानून निर्णय घेतला तर काय होते, याचा धडा जर्मनीने ५ एप्रिल १९९२ रोजी घेतला. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या निवडणुकीत विधिमंडळात शिरायला पाच टक्के मते लागत होती. संगणकाच्या पत्रकावर ग्रीन पक्षापुढे ५.० छापून आले आणि त्यांना जागा मिळाल्याचे जाहीर झाले. खरा आकडा ४.९७ होता. हे लक्षात आल्यावर जागावाटप पुन्हा करावे लागले आणि त्यात सोशल डेमोक्रॅट पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले.

तेव्हा १०१ दिसल्यावर आधी हे पाहावे की तो पूर्णांकनाचाच आहे का. एकेका लेबलात जास्तीत जास्त अर्ध्याची चूक होऊ शकते, म्हणून गटांच्या संख्येच्या निम्म्याहून जास्त फरक पडूच शकत नाही. पाच गट असतील तर ९८ ते १०२ ही हद्द. चार गटांची बेरीज १०३ आली तर पूर्णांकनाची टीप लावून भागणार नाही. एक तर आकडा चुकीचा टाइप झाला आहे, किंवा कोणी तरी दोनदा मोजले गेले आहे, किंवा प्रश्नच असा होता की एकाला अनेक उत्तरे देता येत होती. या शेवटच्या प्रकारात वर्तुळालेख काढणेच चूक, कारण ते शंभराचे तुकडे नाहीतच.

अजून न सुटलेले

उभ्या-आडव्या तक्त्यांचा प्रश्न एका ओळीच्या आलेखापेक्षा बराच अवघड आहे. जिल्हे आडवे, वयोगट उभे, आणि प्रत्येक ओळ व प्रत्येक स्तंभ जुळायला हवा. अशा दोन बाजूंच्या तक्त्यात प्रत्येक आकडा लगतच्याच पूर्णांकाला नेऊन सगळ्या बेरजा जुळवता येतात, हे मायकेल बाखराख यांचे १९६६ चे आणि लॉरेन्स कॉक्स व सहकाऱ्यांचे ऐंशीच्या दशकातले काम सांगते. तिसरी बाजू आली, म्हणजे जिल्हा, वय आणि लिंग असा तक्ता झाला, की अशी जुळणी नेहमी मिळेलच याची हमी राहत नाही.

पडद्यावरच्या आलेखांनी नवा पेच आणला आहे. वाचक एक गट बंद करतो, दोन गट एकत्र करतो, आणि जुळवणारा प्रोग्राम दर वेळी नव्याने एक टक्का कोणाला तरी देतो किंवा कोणाकडून काढतो. मूळ माहितीला हात लागलेला नसताना शिवसेनेचे २१ चे २२ होताना वाचक डोळ्यांनी पाहतो. जुळवून घेण्याच्या बाजूचे लोकही इथे अडखळतात.

आणि जुळवलेल्या लेबलावर खूण करायची की नाही, यावर एकमत नाही. एक बाजू म्हणते, २१ पुढे तारा काढून खाली खुलासा दिला तर जुळवण्याचा हेतूच संपतो, मग १०१ च का ठेवू नये. दुसरी म्हणते, खुणेविना बदललेला आकडा हा गुपचूप बदललेला आकडा आहे. माझा कल दुसरीकडे आहे. नियम कोणताही वापरा, तो आधी ठरवा, सगळ्या आलेखांना सारखा लावा आणि छापा. कोणता आकडा जड आणि कोणता हलका वाटतो ते पाहून हाताने जुळवणे मात्र सोडून द्यायला हवे, कारण २००४ च्या तक्त्यात त्याने कोणाचा घास गेला असता ते आपण पाहिले.

तो आलेख आज करायचा झाला तर फाका मूळ जागांच्या प्रमाणात काढीन, प्रत्येक फाकेवर जागा मोठ्या अक्षरात आणि टक्के लहान अक्षरात लिहीन, २५, २४, २२, १९, ११ तसेच ठेवीन, आणि खाली ही टीप देईन: ‘एकूण जागा २८८. टक्के जवळच्या पूर्णांकात, म्हणून त्यांची बेरीज १०१ होते. आघाडी व युतीचे टक्के जागांवरून काढले आहेत: आघाडी ४९, युती ४०.’